मानेवरचं लेबल कापलेलं असताना शर्टाची कंपनी कशी शोधली

लातूरच्या गंजगोलाईत असो की एखाद्या तालुक्याच्या आठवडी बाजारात, एक्स्पोर्ट सरप्लसचा ढीग लागला की त्यातल्या बऱ्याच कपड्यांचं मेन लेबल, म्हणजे मानेवरचं विणलेलं लेबल, कापलेलं दिसतं. त्यामागचं कारण साधं असतं. परदेशी कंपनीसाठी शिवलेला माल उरला आणि तो इथे विकायचा ठरला, तर कंपनीच्या नावाने तो विकला जाऊ नये अशी अट सहसा असते. म्हणून व्यापारी लेबलावर कात्री चालवतो. घाई असते, त्यामुळे तो लेबल उसवत नाही. वरच्यावर कापतो आणि कापड पुढे सरकवतो. आतल्या शिवणीतल्या, धुण्याच्या सूचना छापलेल्या वॉशकेअर टॅगला तर बहुतेक वेळा हातही लागत नाही. कपड्याची ओळख पटते ती या दोन राहून गेलेल्या गोष्टींवरून.

इथे तपासलेला शर्ट पुरुषांचा, चौकडीचा, फुल बाह्यांचा आणि सुती होता. मानेवर गडद निळ्या लेबलाची जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची आडवी पट्टी उरली होती, तीही दोन्ही टोकं शिवणीत धरलेली असल्यामुळे. पट्टीच्या वरच्या कडेला पांढऱ्या धाग्याचे तुटक तुकडे दिसत होते. डाव्या बाजूच्या शिवणीत, घेरापासून साधारण वीतभर वर, तीन पानांचा पांढरा सॅटिनचा टॅग होता. त्याची छपाई धुऊन धुऊन अर्धी उडालेली होती.

सुरुवात नेहमी टॅगपासून करायची, लेबलापासून नाही. मानेवरचं लेबल काढून दुसरं लावायला पाच मिनिटं आणि एक सुई पुरते. वॉशकेअर टॅग मात्र कपडा शिवतानाच दोन पदरांच्या मध्ये ठेवून ओव्हरलॉकखाली गेलेला असतो. तो बदलायचा तर तेवढी शिवण उसवून पुन्हा ओव्हरलॉक मारावं लागतं, आणि ढिगातल्या मालासाठी एवढी मेहनत कोणी घेत नाही. म्हणून टॅग आणि लेबल वेगवेगळं सांगत असतील तर आम्ही टॅगचं मानतो.

टॅग वाचण्याआधी तो साफ करावा लागला. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात धुतलेल्या कपड्यांवर क्षार बसतात, टॅग कडक होतो आणि अक्षरांवर पांढुरकी साय येते. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग साधं पाणी एका वाटीत घेऊन फक्त टॅग त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवला, मग साध्या पाण्यात हलवला आणि कापडाच्या दोन घड्यांत दाबून टिपला. घासायचा नाही, कारण ही छपाई उष्णतेने चिकटवलेल्या काळ्या थराची असते आणि घासलं की तो थर खपली होऊन निघतो. इस्त्रीही फिरवायची नाही.

मग टॅगच्या पानामागे काळा कागद ठेवला. सॅटिनचं पान पातळ असतं, मागच्या बाजूची छपाई पुढे झिरपून दिसते आणि आकडे एकमेकांत मिसळतात. काळा कागद ठेवला की मागचं दिसेनासं होतं. खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी टॅगच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरली. रंग उडालेल्या जागी छपाईचा किंचित उंचवटा उरलेला असतो. त्याची सावली पडते आणि अक्षर वाचता येतं. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढले. उभ्या रेषा एका दिशेच्या उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या, त्यामुळे एका फोटोवर विसंबून राहिलं की आठाचा तीन होतो.

पहिल्या पानावर चिन्हं होती. चिन्हांवरून कंपनी कळत नाही, पण कपडा कोणत्या बाजारासाठी शिवला ते कळतं आणि शोधाची दिशा तिथेच ठरते. बहुतेक ठिकाणी मूळ आकृत्या त्याच पाच असतात: पाण्याची टोपली धुण्यासाठी, त्रिकोण ब्लीचसाठी, चौकोन वाळवण्यासाठी, इस्त्री आणि व्यावसायिक धुलाईसाठी वर्तुळ. फरक बारकाव्यात असतो. युरोपात चालणाऱ्या आयएसओ 3758 पद्धतीत टोपलीत तापमानाचा आकडा छापतात, 30, 40 किंवा 60. अमेरिकेच्या एएसटीएम पद्धतीत त्या जागी ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे 30 अंश, दोन म्हणजे 40, तीन म्हणजे 50. काही टॅगांवर दोन्ही असतं, म्हणजे माल दोन्हीकडे जाणारा होता. इस्त्रीवरच्या ठिपक्यांवरून मात्र काही ठरवू नये. एक, दोन, तीन ठिपके म्हणजे 110, 150, 200 अंश हे दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे.

जपानी माल असेल तर तो सगळ्यात लवकर ओळखू येतो. जपानने 1 डिसेंबर 2016 पासून आयएसओशी जुळणारी चिन्हं घेतली. त्याआधीच्या टॅगांवर टोपलीऐवजी वॉशिंग मशीनची चौकोनी आकृती, ब्लीचसाठी प्रयोगशाळेतला चंबू आणि वाळवण्यासाठी छोट्या सदऱ्याचं चित्र असे. असा टॅग सापडला तर बाजार कळतोच, शिवाय कपडा साधारण त्या तारखेच्या आधीचा आहे हेही कळतं. कॅनडाच्या जुन्या टॅगांवर चिन्हं हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात असत. चिनी बाजाराच्या टॅगवर चिनी मजकुरात जीबी 18401 हा सुरक्षेच्या मानकाचा क्रमांक बहुधा असतो.

आपल्या शर्टाच्या टोपलीत एक ठिपका होता, आकडा नव्हता. त्रिकोणात दोन तिरप्या रेषा होत्या, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच नको, बिनक्लोरीनचं चालेल. चौकोनातल्या वर्तुळात एक ठिपका होता, म्हणजे मशीनमध्ये मंद आचेवर वाळवा. चिन्हांखाली त्याच सूचना शब्दांत, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत होत्या. ठिपका आणि या तीन भाषा एकत्र आल्या की माल उत्तर अमेरिकेसाठी आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही. युरोपचा असता तर कापडाचं नाव जर्मन, इटालियन, पोलिश अशा दहा-बारा भाषांत असतं, कारण युरोपीय संघात धाग्याचं प्रमाण त्या त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं.

उत्तर अमेरिकेचा माल असला की काम सोपं होतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार टॅगवर कंपनीचं नाव तरी हवं किंवा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दिलेला नोंदणी क्रमांक तरी. हा क्रमांक आरएन या दोन अक्षरांनी सुरू होतो. कॅनडात तसाच पाच अंकी सीए क्रमांक असतो, तो तिथल्या कॉम्पिटिशन ब्यूरोकडे नोंदलेला असतो. हे क्रमांक बहुतेक वेळा धाग्याचं प्रमाण आणि देशाचं नाव असलेल्या पानावर, अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतात. बरेच लोक चिन्हांचंच पान बघून टॅग सोडून देतात आणि क्रमांक मागच्या पानावर राहून जातो.

दुसऱ्या पानावर शंभर टक्के कॉटन, मेड इन इंडिया आणि त्याखाली आरएन 54023, सीए 17897 असं होतं. खरं तर पहिल्या नजरेत आरएनचा शेवटचा आकडा 3 की 8 हे ठरत नव्हतं. अशा वेळी अंदाज बांधायचा नाही. दोन्ही क्रमांक शोधून बघायचे आणि कोणत्या नोंदीचं उत्तर बाकीच्या खुणांशी जुळतं ते ताडायचं. सीए क्रमांक सोबत असेल तर तोही शोधायचा. दोन देशांतल्या दोन स्वतंत्र नोंदींनी एकाच कंपनीचं नाव दिलं तर अंक बरोबर वाचले गेले याची खात्री पटते.

आरएन शोधायला ही जागा आहे, पैसे पडत नाहीत:

```
rn.ftc.gov
```

तिथे फक्त अंक टाकायचे आणि क्रमांकाचा प्रकार आरएन निवडायचा. प्रकार चुकवून चालत नाही. लोकरीच्या कपड्यांसाठी पूर्वी डब्ल्यूपीएल नावाचे वेगळे क्रमांक दिले जात. त्यांची मालिका 1959 मध्ये संपली, तरी जुन्या कंपन्या ते अजून वापरतात. लिव्हाइसच्या जीन्सच्या टॅगवरचा डब्ल्यूपीएल 423 हा त्यातलाच. लहान आकड्यांमध्ये दोन्ही मालिका एकमेकांवर चढतात, त्यामुळे तोच आकडा दोन प्रकारांत दोन वेगळ्या कंपन्यांचा निघू शकतो.

54023 ची नोंद निघाली गॅप या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीच्या नावावर. नवखा माणूस इथे थांबतो आणि शर्ट गॅपचा म्हणून सांगून मोकळा होतो. पण आरएन कंपनीचा असतो, ब्रँडचा नसतो. गॅप, ओल्ड नेव्ही आणि बनाना रिपब्लिक हे तिन्ही ब्रँड एकाच कंपनीचे आहेत आणि त्यांच्या टॅगांवर हाच क्रमांक येतो. तिघांच्या किमतींत मोठा फरक आहे. विकणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी खरा प्रश्न तोच असतो. काही वेळा तर आरएन ब्रँडच्या मालकाचाही नसतो, माल आयात करणाऱ्याचा किंवा वितरकाचा असतो. तेव्हा नोंदीत भलत्याच व्यापारी पेढीचं नाव दिसतं आणि तिथून ती पेढी कोणकोणते ब्रँड आणते हे शोधावं लागतं.

आणखी एक गैरसमज वर्षाबद्दल आहे. जुन्या कपड्यांचे शौकीन आरएनवरून नोंदणीचं साल काढायला एक सूत्र वापरतात:

```
(RN − 13670) ÷ 2635 + 1959
```

54023 मधून 13670 वजा केले की 40353 उरतात, त्यांना 2635 ने भागलं की साधारण 15 येतात, म्हणजे 1974 च्या आसपासची नोंदणी. गॅप कंपनी 1969 ची, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. पण हा शर्ट 1974 चा आहे असं त्यावरून मुळीच म्हणता येत नाही. कंपनी एकदा मिळालेला क्रमांक पुढे वर्षानुवर्षं छापत राहते. ओल्ड नेव्ही हा ब्रँडच 1994 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या कपड्यांवरही 54023 च असतो. सूत्राने एवढंच कळतं की कपडा त्या सालाआधीचा नसावा, आणि तेही अंदाजाने.

आता मानेवरच्या त्या तीन मिलिमीटर पट्टीकडे वळलो. विणलेल्या लेबलात अक्षरं छापलेली नसतात. पार्श्वभूमीच्या धाग्यांतून वेगळ्या रंगाचा आडवा धागा वर काढून ती विणलेली असतात, आणि जिथे अक्षर नाही तिथे तो धागा मागच्या बाजूने मोकळा लोंबत जातो. त्यामुळे पुढून अक्षर तुटलेलं दिसत असलं तरी मागून धागा कुठे बुडी मारतो आणि कुठे वर येतो हे मोजता येतं. पट्टीची कापलेली कड हळूच वर उचलून मागचा फोटो काढला आणि मोबाइलमध्ये आडवा पलटवला, कारण मागून सगळं आरशासारखं उलटं दिसतं.

पट्टीत अक्षरांचा फक्त तळ उरलेला होता. इंग्रजी मोठ्या अक्षरांचे तळ ओळखायला शिकलं की अर्धं काम होतं. जीएपी असतं तर एकूण तीनच अक्षरं: आधी जीचा गोल तळ, मग एचे दोन पाय, मग पीचा एकच पाय, आणि लेबलाच्या दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा. बनाना रिपब्लिक असतं तर चौदा अक्षरांची गर्दी झाली असती आणि सुरुवातीला बीचा सपाट तळ दिसला असता. आपल्या पट्टीवर डावीकडून पहिला तळ गोल होता, त्यापुढे एक सलग आडवी रेघ, त्यापुढे डावीकडे सपाट आणि उजवीकडे वळलेला तळ. मग दीड अक्षराएवढी जागा रिकामी. त्यानंतर दोन सुटे ठिपके, पुन्हा दोन ठिपके थोडे जास्त अंतरावर, मग एक टोकदार ठिपका आणि शेवटी एक ठिपका. गोल तळ ओचा, आडवी रेघ एलची, वळलेला तळ डीचा. पुढे एनचे दोन पाय, एचे दोन पाय, व्हीचं टोक आणि वायचा एक पाय. ओल्ड नेव्ही.

जी आणि ओ यांचे तळ सारखेच गोल असतात, म्हणून एका अक्षरावरून निकाल लावायचा नाही. निर्णायक ठरली ती एलची सलग रेघ आणि मधली रिकामी जागा. पहिल्या तीन अक्षरांनंतर रिकामी जागा आणि मग चार अक्षरं, हा साचा त्या तीन ब्रँडांपैकी एकाच नावाला बसतो. आरएनने शक्यता तीनांवर आणली नसती तर एवढ्या तुकड्यावरून नाव काढणं अशक्य होतं. टॅग आणि लेबल एकमेकांना असे पूरक असतात.

तिसरं पान बरेच जण निरुपयोगी समजतात, कारण त्यावर नुसते आकडे असतात. त्यात सहसा स्टाइल नंबर, कारखान्याचा किंवा पुरवठादाराचा कोड आणि हंगामाची अक्षरं असतात. अमेरिकी कंपन्यांकडे एसपी म्हणजे वसंत, एसयू म्हणजे उन्हाळा, एफए म्हणजे पानगळीचा हंगाम, एचओ म्हणजे नाताळ, आणि पुढे सालाचे दोन अंक अशी पद्धत बरीच दिसते. कंपनीचं नाव कळल्यावर त्या नावासोबत स्टाइल नंबर टाकून चित्रांचा शोध घेतला, तर जुन्या विक्रीच्या जाहिरातीतला तोच कपडा सापडण्याची शक्यता असते. आधी नाव आणि मग नंबर हा क्रम पाळावा. नुसता सहा आकडी नंबर शोधला तर जगभरचे सुटे भाग आणि फोन नंबर समोर येतात.

आरएन किंवा सीए नसेल तर मार्ग बदलतो. मेक्सिकोच्या मालावर आयातदाराचा आरएफसी हा कर क्रमांक असतो. कंपनीच्या आरएफसीत तीन अक्षरं, मग कंपनी स्थापन झाल्याची तारीख सहा अंकांत आणि शेवटी तीन चिन्हं असतात. ब्राझीलच्या मालावर चौदा अंकी सीएनपीजे हा कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो. दोन्हींवरून कंपनी शोधता येते. भारतीय बाजारासाठी शिवलेल्या कपड्यावर असं काही नसतं. निर्मात्याचं नाव, पत्ता आणि किंमत हँगटॅगवर असते आणि तो पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो. तिथे मानेवरचं नाव हाच एक आधार. ते नाव भारतीय ट्रेडमार्क नोंदवहीत 25 व्या वर्गात, म्हणजे कपडे आणि पादत्राणांच्या वर्गात, शोधायचं. नाव अर्धवट असेल तर मधली अक्षरं देऊन शोधण्याचा पर्याय घ्यायचा. नावच नसून फक्त चित्र असेल तर `branddb.wipo.int` वर चित्र चढवून शोध घेता येतो. त्यासाठी लेबल सपाट करून सरळ वरून फोटो काढावा आणि पार्श्वभूमीचं कापड छाटून टाकावं, नाहीतर शोध चौकडीच्याच मागे लागतो.

ब्रँड ओळखला म्हणजे कपडा अस्सल ठरला असं नाही. आरएन कोणालाही दिसतो, त्यामुळे नकली माल करणारा तो जसाच्या तसा छापतो. संशय असेल तर टॅगच्या आतली विसंगती बघायची. नकली टॅग बहुधा चार ठिकाणांहून उचललेला असतो: शब्दांत मंद आचेवर वाळवा म्हटलेलं असतं आणि चिन्हात वाळवण्याच्या चौकोनावर फुली असते. किंवा टोपलीत युरोपचा आकडा असतो आणि खाली फक्त अमेरिकेचा आरएन. शंभर टक्के कॉटन लिहिलेलं असेल तर आतल्या शिवणीच्या जादा कापडातून दोन-तीन धागे ओढून चिमट्याने धरून जाळायचे. सुती धागा जळल्या कागदासारखा वास देतो आणि बोटांत चुरगळणारी राख सोडतो. पॉलिएस्टर वितळून आकसतो आणि कडक काळी गुठळी होते. शिवण्याचा दोरा सुती कपड्यातही बऱ्याचदा पॉलिएस्टरचा असतो, म्हणून कापडाचेच धागे घ्यायचे, शिवणीचे नाही.

मानेवरचं लेबल अखंड असलं तरी ते मूळचंच आहे का हे बघून घ्यावं, कारण साध्या सरप्लसवर महागड्या नावाचं लेबल लावून विकण्याचा धंदा चालतो. लेबलाच्या कडेने सुईची रिकामी भोकं दिसतात का ते भिंगातून बघायचं. आधीचं लेबल मोठं असेल तर त्याच्या आकाराचा चौकोन आजूबाजूच्या कापडापेक्षा थोडा गडद राहिलेला असतो, कारण तिथे धुण्याचा मार कमी बसतो. लेबलाचा दोरा शर्टाच्या बाकी शिवणीपेक्षा नवा आणि चमकदार असेल, किंवा कॉलरच्या शिवणीत धरलेला असण्याऐवजी वरून टिपलेला असेल, तर ते नंतर लावलेलं आहे. आपल्या शर्टात लेबलाची दोन्ही टोकं कॉलरखालच्या पट्टीच्या मूळ शिवणीतच गेलेली होती आणि आजूबाजूला एकही रिकामं भोक नव्हतं. टॅगवरचा क्रमांक, चिन्हांची पद्धत, अक्षरांचे तळ आणि ही शिवण, चारही गोष्टी एकाच दिशेला गेल्यावर चिठ्ठीवर लिहिलं: ओल्ड नेव्ही, उत्तर अमेरिकेच्या बाजाराचा माल, भारतात शिवलेला, सुती, मेन लेबल कापलेलं.